सात की आठ? आकृती मालिकेच्या एका प्रश्नावरची हरकत

भरती परीक्षेची पहिली उत्तरतालिका संकेतस्थळावर आली की जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या अभ्यासिकांमध्ये पुढचे काही दिवस एकच विषय चालतो: कोणाचे किती प्रश्न जुळले आणि कोणत्या प्रश्नावर हरकत घ्यायची. इतिहासाच्या किंवा व्याकरणाच्या प्रश्नावर वाद झाला तर पाठ्यपुस्तकाचे पान जोडता येते. बुद्धिमापन चाचणीतील आकृती मालिकेवर वाद झाला की मात्र उमेदवार अडतात, कारण तिथे दाखवायला पुस्तकच नसते. “माझे उत्तर बरोबर आहे असे मला वाटते” एवढेच लिहिले जाते आणि अशी हरकत फेटाळली जाते.

शिरपूर तालुक्यातील एका उमेदवाराने अशाच एका प्रश्नावर परीक्षा प्राधिकरणाला लिहिलेले पत्र तिच्या संमतीने पुढे दिले आहे. तिचे नाव आणि परीक्षेचे नाव वगळले आहे. बुद्धिमापन शिकवताना असे अनेक प्रश्न हाताखालून जातात, पण इतका स्वच्छ दुहेरी प्रश्न क्वचित सापडतो. म्हणून तो पहिल्यापासून समजून घेऊ.

आधी दोन शब्द स्पष्ट करून घेऊ. परीक्षेनंतर प्राधिकरण जी उत्तरे जाहीर करते ती पहिली उत्तरतालिका. तिच्यावर ठरलेल्या मुदतीत उमेदवार जो लेखी आक्षेप नोंदवतात ती हरकत. हरकती विषयतज्ज्ञांपुढे ठेवल्या जातात, त्यानंतर अंतिम उत्तरतालिका निघते आणि निकाल तिच्यावरच लागतो.

प्रश्न काय होता

प्रश्नात तीन आकृत्या दिल्या होत्या आणि चौथी जागा रिकामी होती. प्रत्येक आकृतीत एक वर्तुळ होते आणि केंद्रातून जाणाऱ्या रेषांनी त्याचे आठ समान भाग केलेले होते. घड्याळात बाराचा आकडा असतो तिथून सुरुवात करून, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने काही भाग काळे केले होते. पहिल्या आकृतीत एक भाग काळा, दुसऱ्या आकृतीत दोन आणि तिसऱ्या आकृतीत चार, म्हणजे वर्तुळाचा उजवा अर्धा भाग. शिवाय वर्तुळाबाहेर एक ठिपका होता. तो पहिल्या आकृतीत वर, दुसऱ्या आकृतीत उजवीकडे आणि तिसऱ्या आकृतीत खाली होता. सूचना एवढीच होती: “मालिका पूर्ण करणारी आकृती पर्यायांतून निवडा.”

पर्याय चार होते. पहिल्यात सहा भाग काळे आणि ठिपका डावीकडे. दुसऱ्यात सात भाग काळे आणि ठिपका डावीकडे. तिसऱ्यात आठही भाग काळे आणि ठिपका वर. चौथ्यात आठही भाग काळे आणि ठिपका डावीकडे.

ठिपक्याबद्दल वाद नाही. तो प्रत्येक वेळी पाव फेरा पुढे सरकतो, म्हणून तो डावीकडेच हवा आणि तिसरा पर्याय तिथेच बाद होतो. वाद काळ्या भागांचा आहे: एक, दोन, चार आणि पुढे किती? प्राधिकरणाने चौथा पर्याय बरोबर धरला. प्रत्येक वेळी काळे भाग दुप्पट होतात, म्हणून चारचे आठ. या उमेदवाराने दुसरा पर्याय निवडला होता. पहिल्यांदा एक भाग वाढला, नंतर दोन वाढले, म्हणून आता तीन वाढतील आणि चारचे सात होतील.

पुढची आकृती नेमकी कोण ठरवते?

मालिकेच्या प्रश्नात आपण असे गृहीत धरतो की दिलेल्या आकृत्या पुढची आकृती ठरवतात. गणिताच्या दृष्टीने हे खरे नाही. दिलेल्या आकृत्या फक्त काही नियम बाद करतात. जे नियम उरतात ते सगळे दिलेल्या आकृत्यांना सारखेच लागू पडतात आणि पुढच्या जागी वेगवेगळी उत्तरे देऊ शकतात.

सुरत-जळगाव मार्गावरच्या एखाद्या गाडीचा विचार करा. ती नंदुरबारला थांबली, दोंडाईच्याला थांबली, अमळनेरला थांबली, एवढेच तुम्हाला सांगितले आणि पुढचा थांबा विचारला, तर धरणगाव म्हणणारा चूक नाही आणि थेट जळगाव म्हणणाराही चूक नाही. ती गाडी कोणत्या प्रकारची आहे हे आतापर्यंतच्या थांब्यांवरून ठरत नाही. ते ठरवायला वेळापत्रक तरी हवे किंवा आणखी एक थांबा तरी कळायला हवा.

एक, दोन, चार या आकड्यांबाबत तर दोन्ही उत्तरे भूमितीतूनच निघतात आणि कागदावर काढून पाहता येतात. एक वर्तुळ घ्या. त्यात एकही रेषा नसताना भाग एक असतो. एका सरळ रेषेने ते आरपार कापले की दोन भाग होतात आणि पहिलीला छेदणाऱ्या दुसऱ्या रेषेने चार होतात. आता तिसरी रेषा अशी काढा की ती आधीच्या दोन्ही रेषांना वर्तुळाच्या आत छेदेल, पण त्या दोघींच्या छेदनबिंदूतून जाणार नाही. भाग मोजा. जास्तीत जास्त सातच होतात, आठ कधीच होत नाहीत, कारण नवी रेषा दोन रेषांना ओलांडताना फक्त तीनच जुन्या भागांतून जाते आणि तेवढेच भाग वाढतात.

दुसरे वर्तुळ घ्या आणि या वेळी त्याच्या कडेवर बिंदू घेऊन प्रत्येक बिंदू इतर सगळ्या बिंदूंना जोडा. एक बिंदू असेल तर भाग एक, दोन बिंदूंना दोन, तीन बिंदूंना चार आणि चार बिंदूंना आठ. पाच बिंदूंना सोळा भाग मिळतात. इथवर दुप्पट होण्याचा नियम पक्का वाटू लागतो, पण सहा बिंदूंना भाग बत्तीस होत नाहीत. तीन रेषा एकाच ठिकाणी छेदणार नाहीत अशी काळजी घेतली तरी जास्तीत जास्त एकतीसच होतात. म्हणजे पाच पदे जुळूनही सहावे पद नियम मोडू शकते. मग तीन पदांवरून चौथे निर्विवाद ठरले असे कोणीही म्हणू शकत नाही.

मग आकृती मालिकेचा प्रत्येकच प्रश्न सदोष ठरतो का?

नाही, आणि हरकत लिहिणाऱ्या बहुतेकांचा पाय इथेच घसरतो. “कोणत्याही मालिकेला असंख्य उत्तरे असतात” असे लिहून मोकळे झाले तर तज्ज्ञ समिती ती हरकत बाजूला ठेवणार, कारण तो युक्तिवाद मान्य केला तर हा प्रश्नप्रकारच रद्द करावा लागेल.

आकृती मालिकेचा प्रश्न न्याय्य ठरतो तो पर्यायांमुळे. मालिका मुळातच मोकळी असते. ती बंद करण्याचे काम चार पर्याय करतात. उमेदवाराला पुढची आकृती स्वतः काढायची नसते, दिलेल्या चारांपैकी मालिकेशी जुळणारी एक निवडायची असते. म्हणून प्रश्न तयार करणाऱ्याची जबाबदारी अशी की वाजवी नियमाने समर्थन करता येईल असा पर्याय चारांमध्ये एकच असावा. बाहेर आणखी कितीही उत्तरे असोत, ती पर्यायांत नसतील तर कोणाचेही नुकसान होत नाही.

याच प्रश्नात पाहा. एक वाढला, मग दोन वाढले, मग पुन्हा एक वाढला असा आलटूनपालटून नियम धरला तर उत्तर पाच येते. हा नियमही परीक्षांत नेहमी दिसतो. पण पाच काळे भाग असलेली आकृती पर्यायांत नाही, त्यामुळे पाच मिळालेल्या उमेदवाराला आपला नियम इथे चालत नाही हे लगेच कळते आणि तो दुसरा नियम शोधतो. सात मिळालेल्या उमेदवाराला असा इशारा मिळत नाही. त्याचे उत्तर ठिपक्यासह जसेच्या तसे समोर छापलेले असते. तो खूण करून पुढच्या प्रश्नाकडे जातो आणि परीक्षेची शिस्तही तेच सांगते.

हा दोष कसा शिरला असेल याचा अंदाज बांधता येतो. आठ हे उत्तर मनात ठरवल्यावर प्रश्नकर्त्याने जवळची चकवणारी आकृती म्हणून एक भाग कमी असलेली आकृती काढली असावी. चकवा म्हणून काढलेल्या त्या आकृतीमागे स्वतंत्र नियम उभा आहे हे तपासले गेले नाही. प्रश्न तयार करताना प्रत्येक चुकीच्या पर्यायाची बाजू घेऊन, तो बरोबर ठरवण्याचा मनापासून प्रयत्न करून पाहावा लागतो. ती पायरी इथे गाळली गेली. सात किंवा आठ यांपैकी एक पर्यायांतून वगळले असते, किंवा वर्तुळाचे सोळा भाग करून चौथी आकृती देऊन पाचवी विचारली असती, तर वादाला जागाच उरली नसती.

पत्र

उमेदवाराने हरकतीसोबत जोडलेले पत्र असे आहे:

*प्रति,*
*मा. परीक्षा नियंत्रक*

*विषय: बुद्धिमापन चाचणीतील आकृती मालिकेच्या प्रश्नाच्या पहिल्या उत्तरतालिकेतील उत्तराबाबत हरकत.*

*महोदय,*

*मी वरील परीक्षेची उमेदवार असून माझा आसन क्रमांक, परीक्षेची तारीख, सत्र आणि प्रश्नाचा ओळख क्रमांक सोबतच्या पानावर नमूद केला आहे. संबंधित प्रश्नात आठ समान भाग केलेल्या वर्तुळाच्या तीन आकृत्या असून त्यांत अनुक्रमे एक, दोन व चार भाग काळे आहेत. वर्तुळाबाहेरील ठिपका अनुक्रमे वर, उजवीकडे व खाली आहे.*

*उत्तरतालिकेत आठही भाग काळे व ठिपका डावीकडे असलेली आकृती बरोबर धरली आहे. काळे भाग प्रत्येक वेळी दुप्पट होतात या नियमाने ते उत्तर येते, हे मला मान्य आहे. ते उत्तर चुकीचे आहे असे माझे म्हणणे नाही.*

*तथापि, सात भाग काळे व ठिपका डावीकडे असलेली आकृतीही पर्यायांत दिलेली आहे. काळ्या भागांतील वाढ अनुक्रमे एक व दोन अशी असल्याने पुढील वाढ तीन धरल्यास हेच उत्तर येते. हा नियम दिलेल्या तिन्ही आकृत्यांना अपवादाशिवाय लागू पडतो, आकृतीत प्रत्यक्ष दिसणाऱ्या भागांवरच आधारलेला आहे आणि एका वाक्यात सांगता येतो. भाग काळे करण्याची सुरुवातीची जागा, दिशा आणि ठिपक्याची हालचाल दोन्ही नियमांत सारखीच राहते. त्यामुळे आकृतीतील कोणताही घटक या दोन नियमांपैकी एकाची निवड करून देत नाही. प्रश्नाच्या सूचनेतही तसा निर्देश नाही.*

*वाढ एक-एकने वाढत जाण्याचा नियम आपल्याच प्राधिकरणाच्या पूर्वीच्या प्रश्नपत्रिकांत अंतिम उत्तर म्हणून स्वीकारलेला आहे. असे दोन प्रश्न त्यांच्या अंतिम उत्तरतालिकेच्या संबंधित पानांसह जोडले आहेत.*

*सबब विनंती की, सदर प्रश्नात दोन पर्याय सारख्याच आधाराने बरोबर ठरत असल्याने दोन्ही पर्यायांना पूर्ण गुण द्यावेत. ते नियमांत बसत नसल्यास प्रश्न रद्द करून सर्व उमेदवारांना समान वागणूक द्यावी. तसेच निर्णय घेण्यापूर्वी, परीक्षेत एकूण अधिक गुण मिळवणाऱ्या उमेदवारांनी या प्रश्नात कोणते पर्याय निवडले याची नोंद तज्ज्ञ समितीने पाहावी.*

*आपली विश्वासू,*
*उमेदवार*

पत्र छोटे आहे आणि त्यात कोणावरही आरोप नाही. दुसऱ्या परिच्छेदात तिने प्राधिकरणाचे उत्तर मान्य केले आहे, ही या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. आपले उत्तर बरोबर ठरवण्यासाठी दुसऱ्याचे चूक ठरवावेच लागते असे अनेकांना वाटते. इथे त्याची गरज नव्हती, उलट त्याने पत्र कमजोर झाले असते. दुप्पट होण्याचा नियम चूक आहे हे ती सिद्ध करूच शकली नसती, कारण तो चूक नाहीच.

“असे म्हटले तर सहाचेही समर्थन करता येईल”

हा आक्षेप समितीकडून हमखास येतो आणि तो योग्य आहे. मूळ संख्या घ्या: दोन, तीन, पाच, सात. प्रत्येकीतून एक वजा केला की एक, दोन, चार, सहा मिळतात आणि पहिला पर्याय बरोबर ठरतो! मग उमेदवाराचा सात आणि हा सहा यांत फरक काय?

फरक असा की मूळ संख्यांचा नियम आकृतीत कुठेच दिसत नाही. वर्तुळात पाच किंवा सात या संख्या दाखवणारे काही नाही. त्या बाहेरून आणाव्या लागतात आणि वर त्यांतून एक वजा का करायचा याचे कारणही आकृती देत नाही. सहासाठी आणखी एक नियम कोणी मांडेल, की पहिली आकृती सोडून पुढे दोन-दोनची वाढ आहे. पण त्यात पहिल्या आकृतीला अपवाद करावा लागतो. सातचा नियम मात्र पहिल्या आकृतीपासून लागू होतो आणि समोर दिसणारे भाग मोजण्यापलीकडे त्याला काहीच लागत नाही. पत्रात “अपवादाशिवाय”, “प्रत्यक्ष दिसणाऱ्या” आणि “एका वाक्यात” हे शब्द याचसाठी आले आहेत. वाजवी नियम आणि ओढूनताणून बसवलेला नियम यांतली रेघ तिने स्वतःच आखून दिली आहे आणि आपले उत्तर त्या रेघेच्या आत आहे हे दाखवले आहे.

“सर्वांत सोपा नियम तोच बरोबर धरायचा असतो”

हा आक्षेप अधिक अवघड आहे. बुद्धिमापन चाचणीत सोपा नियम आधी घ्यावा हे आम्ही शिक्षकही सांगतो. पण सोपा म्हणजे काय हे इथे ठरत नाही. दुप्पट करणे म्हणजे गुणाकार आहे आणि वाढ एकाने वाढवणे म्हणजे बेरीज आहे. गुणाकाराच्या नियमात एकच आकडा लागतो, म्हणून तो सोपा असे एक जण म्हणेल. बेरीज ही गुणाकारापेक्षा प्राथमिक क्रिया आहे, म्हणून दुसरा नियम सोपा असे दुसरा म्हणेल.

आठ भागांचे वर्तुळ पूर्ण काळे होऊन मालिका संपते, त्यामुळे आठ हे उत्तर अधिक स्वाभाविक वाटते, असेही समिती म्हणू शकते. माझ्या मते या बाजूचा हा सर्वांत जोरकस मुद्दा आहे. पहिल्या नजरेत मलाही आठच सुचले होते. पण स्वाभाविक वाटणे ही सवयीची गोष्ट झाली. सूचनेत वर्तुळ पूर्ण करा असे म्हटलेले नाही, मालिका पूर्ण करा असे म्हटले आहे. एका उत्तराकडे मन आधी जाते एवढ्यावरून दुसरे चूक ठरत नाही, आणि वस्तुनिष्ठ प्रश्नात उमेदवाराला कारण लिहायला जागा नसल्यामुळे दुसऱ्या उत्तराला शून्य देण्यापूर्वी ते चूक आहे हे दाखवता आले पाहिजे.

पुरावा कुठून आणायचा

आकृती मालिकेचे पाठ्यपुस्तक नसले तरी पुरावा असतो. बाजारातील मार्गदर्शक पुस्तके आणि क्लासच्या नोट्स यांना वजन नसते, कारण त्यांच्या उत्तरांची जबाबदारी प्राधिकरणावर नाही. प्राधिकरणाच्याच जुन्या प्रश्नपत्रिका मात्र त्याला नाकारता येत नाहीत. या उमेदवाराने जुन्या अंतिम उत्तरतालिका चाळून, एक, दोन, तीन अशा वाढीचा नियम बरोबर धरलेले दोन प्रश्न शोधले. त्यामुळे “असा नियम आम्ही वापरत नाही” असे म्हणण्याची वाट बंद झाली. पहिल्या उत्तरतालिका जोडू नयेत, कारण त्यातील उत्तर पुढे बदललेले असू शकते.

दुसरा पुरावा उमेदवाराकडे नसतो, प्राधिकरणाकडे असतो. वस्तुनिष्ठ परीक्षेत प्रत्येक प्रश्नाची नंतर आकडेवारी तपासता येते. एकूण गुणांनुसार वरचे आणि खालचे सुमारे २७ टक्के उमेदवार वेगळे काढतात आणि प्रश्न या दोन गटांत किती फरक करतो ते पाहतात. याला प्रश्नाची भेदनक्षमता म्हणतात. चांगल्या प्रश्नात वरचा गट बरोबर पर्यायाभोवती गोळा होतो आणि चुकीच्या पर्यायांवर खालचा गट विखुरतो. वरच्या गटातलेच बरेच जण सातवर आणि बरेच जण आठवर असतील, तर तयारी कमी पडली म्हणून सात आला असे म्हणता येत नाही. ही आकडेवारी एकट्याने काही सिद्ध करत नाही, कारण हुशार उमेदवारही चकव्यात सापडतात. पण दोन नियमांचा युक्तिवाद आधीच उभा असेल तर ती त्याला भक्कम आधार देते. म्हणून पत्राच्या शेवटी ती नोंद पाहण्याची विनंती आहे.

आठ लिहिणाऱ्यांवर अन्याय नको

उत्तर आठवरून सातवर बदलून मागितले असते तर आठ लिहिणाऱ्या निर्दोष उमेदवारांचा गुण गेला असता. म्हणून तिने दोन्ही पर्याय मान्य करण्याची मागणी पहिली ठेवली. ती मान्य झाली तर सात आणि आठ लिहिणाऱ्या दोघांनाही गुण मिळतो आणि कोणाचे मिळालेले जात नाही. चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जाणाऱ्या परीक्षेत, एका गुणाच्या प्रश्नात सात लिहिणाऱ्याचा फायदा सव्वा गुणाचा होतो, आणि कटऑफच्या आसपास सव्वा गुणात बरीच नावे येतात.

या मार्गात एक उणीव आहे. ज्याला सात आणि आठ दोन्ही दिसले आणि गुण कापले जाण्याच्या भीतीने ज्याने प्रश्न कोरा सोडला, त्याला काहीच मिळत नाही. प्रश्न सर्वांत नीट समजला तो त्यालाच. प्रश्न रद्द केला तर तो इतरांच्या बरोबरीला येतो, पण मग बरोबर उत्तर दिलेल्यांचे श्रम वाया जातात. दोन्हींत मला पहिला मार्ग अधिक न्याय्य वाटतो, तरी दुसराही चुकीचा म्हणता येणार नाही.

प्रश्न रद्द करण्याच्याही दोन पद्धती आहेत: प्रश्न एकूण गुणांतून वगळणे किंवा सर्वांना त्याचा गुण देणे. गुणवत्ता क्रमावर दोन्हींचा परिणाम सारखाच होतो. जिथे किमान ४५ टक्के गुणांची अट असते तिथे मात्र फरक पडतो. इतर ९९ प्रश्नांत ४४ गुण मिळवलेला उमेदवार, प्रश्न वगळला तर ९९ पैकी ४४ म्हणजे ४४.४४ टक्क्यांवर अडतो आणि सर्वांना गुण दिला तर १०० पैकी ४५ मिळवून पात्र ठरतो.

न्यायालयात जाता येईल, मग इथे एवढी मेहनत का?

कारण न्यायालयात उमेदवाराची बाजू इथल्यापेक्षा कमजोर असते. कानपूर विद्यापीठ विरुद्ध समीर गुप्ता या १९८३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की उत्तरतालिकेतील उत्तर बरोबर आहे असेच धरून चालायचे, आणि ते चूक असल्याचे स्पष्टपणे दाखवून दिले तरच वेगळा विचार करायचा. लांबलचक तर्क लढवून ते चूक ठरवता येत नाही. त्या विषयातील कोणतीही जाणती मंडळी ते बरोबर मानणार नाहीत इतके ते उघड चूक असावे लागते. आपल्या प्रश्नातील आठ हे उत्तर या कसोटीवर चूक ठरणार नाही. रण विजय सिंह विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या डिसेंबर २०१७ च्या निकालात तर न्यायालयाने सांगितले की शंका राहिली तर तिचा फायदा उमेदवाराला न मिळता परीक्षा घेणाऱ्या संस्थेला मिळावा.

पण १९८३ च्या त्याच निकालाची दुसरी बाजू फारशी कोणी वाचत नाही. वस्तुनिष्ठ परीक्षेत केवळ खूण करायची असते, युक्तिवादाला जागा नसते, म्हणून संदिग्ध अर्थाचे प्रश्न असू नयेत असे न्यायालयाने तिथे म्हटले आहे. प्रश्नातील संदिग्धता निदर्शनास आणून दिली तर संस्थेने वेळेत निर्णय घेऊन असा प्रश्न वगळावा, अशीही अपेक्षा व्यक्त केली आहे. म्हणजे उत्तर चूक आहे असे म्हणणाऱ्याची वाट अरुंद आहे, प्रश्न संदिग्ध आहे असे म्हणणाऱ्याची वाट त्या मानाने मोकळी आहे आणि ती हरकतीच्या मुदतीतच सर्वांत मोकळी असते. हे पत्र दुसऱ्या वाटेने गेले आहे.

हरकत भरताना काय बिघडते

हरकती बहुतेक ठिकाणी फक्त ऑनलाइन आणि मोजक्या दिवसांतच घेतल्या जातात, अनेक परीक्षांत प्रत्येक प्रश्नामागे शुल्क असते आणि टपालाने किंवा ईमेलने आलेले पत्र विचारात घेतले जात नाही. म्हणून लिहिलेले पत्र पीडीएफ करून हरकतीसोबतच जोडावे लागते. मजकुराच्या चौकटीत अक्षरांची मर्यादा असेल तर तिथे फक्त दोन नियम आणि त्यांची दोन उत्तरे लिहावीत आणि बाकी सगळे पीडीएफवर सोडावे.

सर्वांत घातक चूक पर्यायाच्या क्रमांकाची असते. संगणकावरील परीक्षेत प्रश्नांचा आणि पर्यायांचा क्रम उमेदवारागणिक बदललेला असू शकतो आणि छापील परीक्षेत प्रश्नपत्रिकेच्या संचागणिक प्रश्नांचा क्रम बदलतो. पडद्यावर दुसरा दिसलेला पर्याय प्राधिकरणाच्या मूळ प्रश्नात तिसरा असला आणि हरकतीत नुसता “पर्याय २” लिहिला, तर समिती भलतीच आकृती पाहून हरकत फेटाळते. या पत्रात कुठेही पर्यायाच्या क्रमांकावर भिस्त नाही. “सात भाग काळे व ठिपका डावीकडे असलेली आकृती” असे वर्णन आहे आणि प्रश्न त्याच्या ओळख क्रमांकाने दाखवला आहे. हरकतीची पोच, शुल्काची पावती आणि स्वतःच्या उत्तरांची प्रत तिने एकत्र जपून ठेवली आहे. अंतिम उत्तरतालिका आल्यावरही पर्यायाचा क्रमांक न पाहता आकृती पाहूनच निर्णय ताडून घ्यावा लागेल.